'उतारा' ॲप: प्रकल्प नोंदी (जानेवारी ते ऑक्टोबर २०२५)

१२ जानेवारी २०२५

काम सुरू. कर्नाटकातला जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी किंवा सगळे म्हणतात तसा आरटीसी, कन्नडमध्ये निघतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या घरांत कन्नड वाचता येत नाही, तिथे तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. आजोबांच्या ट्रंकेतले १९५६ च्या आधीचे कागद मराठीत आणि नातवाच्या हातातला उतारा कन्नडमध्ये, अशी इथल्या बऱ्याच घरांची गत आहे. ॲप दोनच कामं करणार: उताऱ्यातल्या कन्नड शब्दांचा मराठी अर्थ सांगणार आणि क्षेत्राची वाटणी करून दाखवणार.

दोघं आते-मामेभाऊ. धाकटा खानापुरात राहतो, प्रोग्रॅम लिहितो. थोरल्याचं निपाणीत टायपिंगचं दुकान आहे. नाडकचेरीचे, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयाचे, अर्ज आणि उतारे वाचून देणं हेच त्याचं रोजचं काम. या नोंदींत त्यांना खानापूर आणि निपाणी असंच म्हटलं आहे. चाचणी आणि हिशेब बेळगावातून, म्हणजे ही वही लिहिणाऱ्याकडे.

पैशांबद्दल आज एवढंच बोलणं झालं: "आलं तर बघू." तेच शब्द इथे उतरवून ठेवले.

२६ जानेवारी

क्षेत्राचा भाग झाला. उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं येतं. ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा, म्हणजे एकराचे ६४० आणे. एक आणा म्हणजे साधारण ६८ चौरस फूट. पहिल्या आवृत्तीत खानापूरने ३-१७ हे ३.१७ एकर असं दशांशात घेतलं होतं. ३.१७ एकर म्हणजे जेमतेम ३ एकर ७ गुंठे. दहा गुंठे गायब झाले तरी स्क्रीनवर काहीच विचित्र दिसत नाही, म्हणून ही चूक वाईट. निपाणीने पहिलाच उतारा टाकला आणि त्याच्या ती लगेच लक्षात आली, कारण असे उतारे त्याच्या डोळ्यांखालून दिवसाला वीस जातात.

आता सगळं आण्यांत, पूर्णांकात:

```dart
int toAnna(int acre, int gunta, int anna) =>
    acre * 640 + gunta * 16 + anna;
```

तपासलेला उतारा: एकूण ३-२२-००, त्यात 'ब' खराब ०-०४-०८. 'ब' खराब म्हणजे रस्ता, ओढा असली सार्वजनिक जागा, ती वाटणीत धरायची नाही. 'अ' खराब पिकाला नालायक असली तरी मालकाचीच, ती धरायची. या उताऱ्यात 'अ' नाही. उरले ३-१७-०८, म्हणजे २२०० आणे. तीन भावांत प्रत्येकी ७३३ आणे, म्हणजे १-०५-१३, आणि १ आणा शिल्लक.

तो आणा ॲपने कुणालाच द्यायचा नाही, 'शिल्लक' म्हणून वेगळा दाखवायचा, हे निपाणीने ठरवलं. खानापूर तो पहिल्या हिश्श्यात टाकत होता. निपाणीचं म्हणणं, "पहिल्या हिश्श्यात का, हे लोक मला विचारणार की. तुला कोण विचारतंय?" पटण्यासारखं होतं. खालच्या बाजूला सूचनाही घातली: हा फक्त अंदाज आहे, हिस्सा पाडायला मोजणी आणि ११-ई नकाशा लागतो.

१६ फेब्रुवारी

शब्दांचा तक्ता ४१२ ओळींवर थांबवला. हे काम निपाणीचं एकट्याचं. दुकान बंद झाल्यावर पाच आठवडे तो हेच करत होता. बाहेरच्याला हे काम सोपं वाटतं, कारण दोन्हीकडचे शब्द कानाला ओळखीचे लागतात. फसगत होते ती तिथेच.

दहाव्या रकान्यात, म्हणजे जमीन कशी मिळाली त्या रकान्यात, कन्नडमध्ये 'विभाग' असतं. मराठी माणूस ते खातं किंवा प्रदेश असं वाचतो, पण तिथे त्याचा अर्थ वाटणी. 'पौती' ही घाईत पावती वाटते, पण ती आपली जुनी फौती, म्हणजे मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन. 'जंटी' म्हणजे सामाईक. नवव्या रकान्यात नावांच्या पुढे 'जंटी' असेल तर समोरचं क्षेत्र सगळ्यांचं मिळून आहे, प्रत्येकाचं नाही. या एका शब्दावरून किती जण तिप्पट जमिनीच्या भ्रमात दुकानात येतात, हे निपाणी हसत सांगतो. अकराव्या रकान्यात 'ऋण' दिसलं की आधी बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा बघायचा, मग व्यवहाराचं बोलायचं.

तक्ता गूगल शीटमध्ये, निपाणीच्या खात्यावर. खानापूरने तो CSV, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, म्हणून उतरवून कोडमध्ये टाकला. कोडमधले बदल गिटमध्ये साठवले जातात, अशा एका साठवणीला कमिट म्हणतात. या कमिटचा संदेश: `strings update`. पाच आठवड्यांच्या कामाला दोन शब्द. तेव्हा कुणालाच ते खटकलं नाही.

९ मार्च

दर दुरुस्तीला नवी आवृत्ती नको, म्हणून ॲप सुरू होताना तक्ता थेट शीटच्या प्रकाशित CSV दुव्यावरून घेण्याची सोय केली. पुढच्या वेळी ॲप उघडलं की दुरुस्ती फोनवर पोचते. शीट मात्र अजून निपाणीच्या वैयक्तिक खात्यावरच आहे.

३० मार्च ते २७ एप्रिल

प्ले कन्सोलचं, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप चढवायच्या जागेचं, खातं खानापूरच्या नावाने, वैयक्तिक प्रकारचं, नोंदणी २५ डॉलर एकदाच. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस. सलग म्हणजे सलग. परीक्षक निपाणीने दुकानातल्या गिऱ्हाइकांतून जमवले, नेमके १२. नवव्या दिवशी एकाने फोन बदलला आणि दुसऱ्याच जीमेलने आत आला. मोजणी ११ वर आली आणि चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळी १९ जण घेतले. नियमात १२ असतील तर १८-२० धरूनच चालावं. परीक्षकाने ज्या जीमेलने होकार दिला, तेच खातं फोनच्या प्ले स्टोअरमध्ये निवडलेलं आहे ना, हे समोर बसून बघावं. निम्म्या अडचणी तिथेच असतात.

११ मे

ॲप खुलं झालं. प्ले स्टोअरवर नावाखाली डेव्हलपर म्हणून एकट्या खानापूरचं नाव. तिथे कन्सोलच्या खात्याचं नाव येतं, एकाच ॲपसाठी तिथे दुसरं नाव जोडता येत नाही. पण ॲपच्या आतलं 'माहिती' पान आपल्या हातातलं होतं, आणि तिथेही 'निर्मिती'समोर एकच नाव. विचारल्यावर खानापूर म्हणाला, ते पान नमुन्यातून आलं होतं, बदलायचं राहून गेलं. खरंही असेल. निपाणीने त्या दिवशी गटावर फक्त अंगठा टाकला.

१५ जून

जाहिराती सुरू. ॲडमॉबचं, म्हणजे ॲपमध्ये जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेचं, खातं खानापूरचं, पैसे त्याच्याच बँक खात्यात येणार. एका खात्याला पैसे घेणारा एकच असतो, अर्धे इकडे अर्धे तिकडे अशी सोय ॲडमॉबमध्ये नाही. १०० डॉलर साचल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. महिनाअखेरीला शिल्लक १०० च्या वर असेल तर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात.

३ ऑगस्ट

पहिली खडाजंगी. जुलैच्या शेवटी खानापूरने गटावर स्क्रीनशॉट टाकला होता: महिन्याचे ४१.१८ डॉलर. निपाणीने निम्मे मागितले. महिना बंद झाल्यावर आकडा २९.७३ वर आला. "अकरा डॉलर कुठं गेले? हे काय करायलास?" असा फोन.

दोन गोष्टी एकात मिसळल्या होत्या, म्हणून सुट्या करून लिहितो. ॲडमॉबच्या पहिल्या पानावरचा आकडा अंदाजित कमाईचा असतो. महिना संपल्यावर अवैध क्लिक वजा होतात आणि जो राहतो तो अंतिम. वाटायचा असेल तर अंतिमच, आणि तोसुद्धा बँकेत आल्यावर. अंदाजित आकड्याचा स्क्रीनशॉट कुणालाच पाठवू नये.

वजावट एवढी मोठी का, हेही शोधलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस क्लिकचं प्रमाण अचानक चढलं होतं आणि जवळपास सगळे क्लिक निपाणी परिसरातून होते. दुकानातले दोन फोन, घरचे तीन आणि जुने परीक्षक "आपल्याच ॲपला मदत" म्हणून जाहिराती दाबत होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोष खानापूरकडेही जातो. बंद चाचणीच्या आवृत्तीतही त्याने खरेच जाहिरात-क्रमांक ठेवले होते. `kReleaseMode` पाहून खरा की चाचणीचा क्रमांक हे ठरत होतं, पण प्ले स्टोअरमधून येणारी चाचणी आवृत्तीही रिलीजच असते, त्यामुळे तो निकष तिथे लागू पडत नाही. आता घरचे आणि दुकानाचे फोन चाचणी-उपकरणं म्हणून नोंदवले:

```dart
MobileAds.instance.updateRequestConfiguration(
  RequestConfiguration(testDeviceIds: deviceIds),
);
```

उपकरणाचा क्रमांक त्या फोनवर ॲप चालवताना logcat मध्ये, म्हणजे फोनच्या अंतर्गत नोंदींत, छापून येतो. नोंद नीट झाली असेल तर जाहिरातीवर चाचणीची पट्टी दिसते. ती दिसेपर्यंत दुकानात ॲप उघडायचं नाही.

कारण समजलं, पण राग उतरला नाही. अकरा डॉलर आपल्या माणसांमुळे गेले हे निपाणीला लागलं, आणि आकडा आधी दाखवून मग कमी केला हे त्याच्या मनातून जाईना.

१७ ऑगस्ट

खानापूरने ७०-३० चा प्रस्ताव पाठवला, पुराव्यासह:

```
$ git shortlog -sn
   214  khanapur
     3  nipani
```

हा पुरावा नाही. कारणं लिहून दोघांना पाठवली.

कमिटची संख्या म्हणजे कुणी किती वेळा साठवलं, एवढंच. खानापूर बटणाचा रंग बदलला तरी वेगळी कमिट करतो. ४१२ ओळींचा तक्ता मात्र एका कमिटमध्ये आला, आणि तोही खानापूरच्या नावाने, कारण चिकटवणारा तो होता. गिटला चिकटवणारा माहीत असतो, बनवणारा नाही. निपाणीच्या तीन कमिटमधल्या एकीत ६१ शब्दांची दुरुस्ती आहे. पण नंतर खानापूरने सगळ्या फायलीतली अवतरणचिन्हं एकसारखी केली, तेव्हा कुठली ओळ कुणाची हे दाखवणाऱ्या `git blame` मध्ये त्या ६१ ओळींवरही त्याचं नाव चढलं.

या शेवटच्या गोष्टीला उपाय आहे. त्या नुसत्या सजावटीच्या कमिटचा पूर्ण क्रमांक `.git-blame-ignore-revs` या फायलीत लिहायचा आणि

```
git config blame.ignoreRevsFile .git-blame-ignore-revs
```

एवढं केल्यावर ६१ ओळींवर निपाणीचं नाव परत आलं. इथून पुढे त्याचा मजकूर दुसऱ्या कुणी आत घेतला तर संदेशाच्या शेवटी `Co-authored-by:` ओळ घालायची आणि मोजायचंच असेल तर असं:

```
git shortlog -sn --group=author \
  --group=trailer:co-authored-by
```

जुन्या `strings update` कमिटवरचं नाव बदलायला इतिहास पुन्हा लिहावा लागतो आणि पुढच्या सगळ्या कमिटचे क्रमांक बदलतात. ते केलं नाही. `CREDITS` फाईल करून त्यात त्या कमिटचा क्रमांक आणि समोर तक्ता कुणाचा हे लिहिलं. इतिहासात जे घडलं ते तसंच दिसावं आणि शेजारी खुलासा असावा, हे जास्त सरळ.

खानापूरचं उत्तर: "मग कोड आपोआप लिहिला गेला काय?" यालाही उत्तर नाही, कारण प्रश्न रास्त आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार रात्री

ॲप मोडलं. शब्दाच्या जागी कोनी कंसांतला इंग्रजी कचरा दिसतो, काही फोनवर नुसतं रिकामं पान. दोन तासांत एक तारा देणारी चार मतं.

निपाणीने शीटचं प्रकाशन बंद केलं होतं. त्याने ते लपवलंही नाही: "माझे शब्द आहेत. माझं नाव नाही तिथं माझे शब्द कशाला?"

२४ ऑगस्ट

मोडलं कसं: दुवा बंद झाल्यावर तिथून CSV ऐवजी वेबपान आलं. ॲपने ते उतरवलं, स्वल्पविराम सापडतील तिथे तोडलं आणि फोनमधल्या चांगल्या तक्त्यावर लिहून टाकलं. 'काही तरी आलं' म्हणजे 'तक्ता आला' असं ॲप धरून चालत होतं. ओळखण्याची खूण सोपी आहे: आलेल्या मजकुराची पहिली अक्षरं `<!DOCTYPE` किंवा `<html` असतील तर तो तक्ता नव्हे.

दुरुस्ती तीन पायऱ्यांची. शेवटचा चांगला तक्ता ॲपच्या आतच, assets मध्ये ठेवला, म्हणजे नेट नसलं तरी चालतं. ते खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीत तसंही हवंच होतं. बाहेरून आलेला मजकूर आधी तपासायचा: पहिली ओळ ठरलेली शीर्षकं आहेत का, ओळी ४०० पेक्षा जास्त आहेत का. दोन्ही जमलं तरच वेगळ्या नावाने साठवायचं आणि मग जुन्याच्या जागी आणायचं.

```dart
bool looksValid(String s) {
  final rows = s.trim().split('\n');
  return rows.first.trim() == 'kannada,marathi,column' &&
      rows.length > 400;
}
```

आवृत्ती तयार आहे, पण पाठवली नाही. assets मध्ये टाकायचा तक्ता निपाणीचा आहे आणि काल त्याने तो परत घेतला. त्याला न विचारता तो ॲपमध्ये कायमचा बसवणं म्हणजे भांडणात एका बाजूने उभं राहणं. तोपर्यंत ॲपमध्ये फक्त वाटणीचा भाग चालू ठेवला.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीला दोघं खानापूरच्या घरी. दुपारी माडीवर बैठक, दीड तास. मामा, म्हणजे धाकट्याचे वडील, सुरुवातीला बसले आणि 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून उठले.

आधी कायदा वाचून दाखवला, कारण दोघांच्याही डोक्यात चुकीचं होतं. भारतीय भागीदारी कायदा १९३२, कलम १३: भागीदारांत वेगळं काही ठरलं नसेल तर नफा आणि तोटा समसमान. त्याच कलमात असंही आहे की काम केल्याबद्दल भागीदाराला वेगळा मोबदला मागता येत नाही. 'आलं तर बघू' एवढ्यावर सुरू झालेला धंदा कुणी भागीदारी ठरवला, तर खानापूरच्या ७०-३० ला कागदाचा आधार शून्य.

मग कॉपीराइट कायदा १९५७. संगणक प्रोग्रॅम, तक्ते आणि संकलनं ही सगळी 'साहित्यकृती'त मोडतात. संयुक्त कृती कधी, तर दोघांचं काम वेगळं काढता येत नसेल तेव्हा. इथे ते सरळ वेगळं निघतं: कोड खानापूरचा, तक्ता निपाणीचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी, तोंडी चालत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे निपाणीचं 'माझे शब्द' बरोबर होतं. पण त्या शब्दांना स्क्रीनवर आणणारा कोड त्याचा नाही, हेही तितकंच बरोबर.

यानंतर टक्केवारीवर वीस मिनिटं गेली आणि हाती काही लागलं नाही. मग विचारलं, कशाचे टक्के? तिथे दुसरं बाहेर आलं. निपाणी दुकानात हेच ॲप उघडून उतारा वाचून देतो आणि २० रुपये घेतो. ते पैसे कुठल्याच हिशेबात नव्हते. खानापूर उखडला: "माझ्या खात्यातल्या पैशाचा हिशेब पाहिजे आणि गल्ल्यातल्या नको काय, दादा?" निपाणी म्हणाला, वीस रुपये वाचण्याचे आहेत, ॲपचे नाहीत, ॲप नव्हतं तेव्हाही तो वीसच घेत होता.

दोघांचंही अर्धं खरं. भांडण अर्ध्या-तीस टक्क्यांचं दिसत होतं, पण खरं भांडण सामाईक पिशवीत काय टाकायचं याचं होतं. ते ठरवायला उरलेला पाऊण तास लागला. त्यानंतर टक्केवारी पाच मिनिटांत ठरली.

१४ सप्टेंबर

करार झाला, दीड पान, मराठीत, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यातला कामाचा भाग:

पिशवीत येणार जाहिरातींची बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम आणि दुकानात ॲपवर वाचलेल्या प्रत्येक उताऱ्यामागे ५ रुपये. बाकीचे १५ वाचणाऱ्याच्या मेहनतीचे. उद्या दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने ॲप वापरलं तर त्याच्याकडून काही मागायचं नाही, म्हणून ५ च्या वर जायला निपाणी तयार नव्हता, आणि ते योग्यच.

पिशवीतून आधी पावती असलेला खर्च ज्याचा त्याला. मग उरलेलं निम्मं-निम्मं, पूर्ण रुपयांत. न वाटला जाणारा रुपया पुढे ओढायचा. पगार कुणालाच नाही.

कोडचा हक्क खानापूरचा, तक्त्याचा निपाणीचा. दोघं एकमेकांना या ॲपपुरता वापर देतात. मुदत दहा वर्षं आणि प्रदेश संपूर्ण जग, दोन्ही मुद्दाम लिहिलं. कुणी बाहेर पडला तर सहा महिने आधी सांगायचं आणि तोवर वापर चालू राहील. शीट रातोरात बंद होणं या वाक्याने थांबतं.

निपाणीला प्ले कन्सोलमध्ये आर्थिक आकडे पाहण्याची परवानगी दिली, ॲडमॉबमध्ये अहवाल पाहण्याची. शीट नव्या सामाईक खात्यावर हलवली. 'माहिती' पानावर: 'शब्दसंग्रह आणि उतारा-वाचन' समोर निपाणीचं नाव, 'प्रोग्रॅम' समोर खानापूरचं. कुणाचं वर यावर पुन्हा ठिणगी पडली. शेवटी ॲपमध्ये जे आधी दिसतं ते वर, म्हणजे शब्द.

थांबलेली आवृत्ती संध्याकाळी पाठवली.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली आणि पहिले पैसे आले. सप्टेंबरअखेर शिल्लक १०७.३१ डॉलर होती. बँकेत जमा ₹९,४१२. ठरल्याप्रमाणे पहिला हिशेब:

दुकानात सुरुवातीपासून वाचलेले उतारे १४३. ही संख्या निपाणीच्या पावतीपुस्तकावरून घेतली, ॲपमधून नव्हे, कारण ॲप कुणी कोणता उतारा पाहिला हे साठवत नाही. १४३ गुणिले ५, ₹७१५. पिशवी ₹१०,१२७.

खर्च: कन्सोलची नोंदणी ₹२,१८७ आणि डोमेन ₹८४९, दोन्ही खानापूरचे, मिळून ₹३,०३६. निपाणीचा बसखर्च आणि झेरॉक्स ₹१,१४०. एकूण ₹४,१७६.

उरले ₹५,९५१. प्रत्येकी ₹२,९७५ आणि १ रुपया शिल्लक.

निपाणीचं येणं ₹१,१४० अधिक ₹२,९७५, म्हणजे ₹४,११५. त्यातले ₹७१५ त्याच्या गल्ल्यातच आहेत. म्हणून खानापूरकडून निपाणीला ₹३,४००, यूपीआयने, टिपणीत 'उतारा, पहिला हिशेब'. जाहिरातींची पूर्ण रक्कम खानापूरच्या पॅनवर दिसते. निपाणीला गेलेली रक्कम कशापोटी गेली हे विचारलं तर दाखवायला करार आणि ही टिपणी आहे.

निपाणीने पैसे पोचल्याचं कळवलं आणि लगेच दुसरं पाठवलं: हुक्केरीकडच्या एका उताऱ्यात अकराव्या रकान्यात असा शब्द आहे, जो ४१२ मध्ये नाही. फोटो अंधुक आहे. खानापूर रविवारी दुकानात जाऊन मूळ कागद बघणार.

पुढे ओढलेली शिल्लक: ₹१, खानापूरकडे.